दोखम्यावरची जाळी : आरोग्य खात्याला आणि विधी खात्याला खुले पत्र

प्रति,
सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
सचिव, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

पुढची साथ येईल तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी रात्री उशिरापर्यंत बसून एक परिपत्रक लिहील. त्यात कुठल्या तरी धर्माचा कुठला तरी विधी बंद करण्याची एक ओळ असेल. ती ओळ कशी लिहावी आणि कधी लिहू नये, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

मी एका नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालो. कोविडच्या पहिल्या वर्षी माणसं कमी पडली म्हणून मला पुन्हा बोलावलं गेलं आणि मृत्यूच्या कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं गेलं. एका सकाळी एक पारशी गृहस्थ वडिलांच्या अंत्यविधीचा पास घ्यायला आले. छापील अर्जात दोनच चौकोन होते, दहन आणि दफन. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "साहेब, आमच्यात जाळत नाहीत आणि पुरतही नाहीत. तिसरा चौकोन नाही का?" मी नाही म्हणालो. त्यांनी दहनावर खूण केली आणि मी सही केली. त्या दिवशी असे अनेक कागद माझ्या हाताखालून गेले, लक्षात राहिला हा एकच. कारण त्यांनी जाता जाता विचारलं होतं, की दोखम्यावर ठेवलेल्या माणसापासून हा रोग नेमका कुणाला होतो? मला उत्तर येत नव्हतं. आरोग्य खात्यात हयात घालवूनही येत नव्हतं, ही गोष्ट मला अजून खटकते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी हा विधी सांगतो. पारशी धर्मात अग्नी, पाणी आणि माती पवित्र आहेत. प्रेत हे अशुद्ध, त्यांच्या भाषेत 'नसू'. म्हणून ते आगीत टाकायचं नाही, मातीत पुरायचं नाही, पाण्यात सोडायचं नाही. ते दोखम्यावर, म्हणजे उंच गोल दगडी बांधकामावर, उघड्या आकाशाखाली ठेवायचं आणि पक्षी व ऊन यांच्या हवाली करायचं. या पद्धतीला दोखमेनशिनी म्हणतात. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत हे दोखमे सतराव्या शतकापासून आहेत. आत दगडी फरसबंदीवर तीन वर्तुळं असतात. बाहेरचं पुरुषांसाठी, मधलं बायकांसाठी, आतलं मुलांसाठी. मधोमध एक विहीर असते, तिला भंडार म्हणतात. वाळलेली हाडं शेवटी तिच्यात जातात, आणि पावसाचं पाणी कोळसा आणि वाळूतून गाळून बाहेर पडावं अशी योजना असते. प्रेताला हात लावण्याचा अधिकार फक्त नस्सेसालार या ठरलेल्या प्रेतवाहकांना. घरच्या माणसांनासुद्धा दोखम्याच्या दाराच्या आत पाऊल टाकता येत नाही.

आता केंद्र सरकारची भूमिका काय होती ते पाहू. मार्च २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडच्या मृतदेहांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाईट नव्हत्या. हा रोग मुख्यतः श्वासातल्या थेंबांतून पसरतो आणि नेहमीची काळजी घेतली तर मृतदेहापासून कर्मचाऱ्यांना किंवा नातेवाइकांना जादा धोका संभवत नाही, असं त्यांत स्वच्छ म्हटलं होतं. गळणार नाही अशी पिशवी वापरा, निर्जंतुकीकरण करा, अंघोळ घालू नका, मिठी मारू नका. मात्र दुरून धर्मग्रंथ वाचायला आणि पवित्र पाणी शिंपडायला हरकत नाही. राखेपासून धोका नाही, हेही लिहिलं होतं. पण सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्मशान आणि कबरस्तान एवढंच होतं. दोखमा त्याच्या मनात आलाच नाही. पुढे कुणीतरी तो दाखवून दिला, तेव्हा 'राहून गेलं' असं म्हणण्याऐवजी 'धोका आहे' असं उत्तर देण्यात आलं. माझ्या टेबलावरच्या अर्जात तिसरा चौकोन का नव्हता, ते मला असं नंतर समजलं.

सूरतच्या पारशी पंचायतीने गुजरात उच्च न्यायालयात दाद मागितली. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला. सार्वजनिक आरोग्य आणि लोकांचं हित सर्वोच्च, असा त्याचा आशय होता. पंचायत सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ज्येष्ठ वकील फली नरिमन त्यांच्या बाजूने उभे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की सूचना बदलता येणार नाहीत. प्रेत पुरलं किंवा जाळलं नाही तर ते वातावरण आणि पशुपक्ष्यांच्या संपर्कात येईल आणि त्यातून संसर्ग पसरू शकेल.

पशुपक्षी! डुंगरवाडीवर गिधाडं होती तो काळ संपून तेव्हा वीस वर्षं झाली होती. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या नव्वदच्या दशकापासून २००७ पर्यंत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांसाठी हे औषध वापरायला सरकारने २००६ मध्ये बंदी घातली, तोवर उशीर झाला होता. त्यामुळे डुंगरवाडीत सूर्याची उष्णता प्रेतावर एकवटणारी सौर यंत्रं बसवावी लागली. म्हणजे हा विधी ज्या पक्ष्यांवर उभा होता ते एका औषधाने संपवले, आणि मग उरलेला विधी पक्ष्यांच्याच भीतीने बंद झाला. घारी आणि कावळे येतात, हे मान्य. पण त्यांच्यासाठी एक साधा उपाय होता, आणि शेवटी तोच केला गेला.

४ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात नरिमन आणि सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी एकमताने ठरवलेली कार्यपद्धती न्यायालयाने मान्य केली आणि गुजरातचा निकाल बाजूला ठेवला. त्या कार्यपद्धतीत प्रेत हाताळणारी माणसं लसीकरण झालेली असावीत, प्रेतावर ऊन थेट पडेल असं ते ठेवावं, आणि दोखम्यावर पक्षी येऊ नयेत म्हणून धातूची जाळी बसवावी, असं ठरलं. पहिल्या सूचना निघाल्यापासून हे व्हायला जवळपास दोन वर्षं लागली. मधल्या काळात किती घरांनी आपली माणसं विद्युतदाहिनीत दिली आणि पुढची वर्षं कुढत काढली, याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

इथे विधी खात्याच्या सचिवांकडे वळतो. असं प्रकरण आलं की तुमच्या खात्यातली फाईल एका ठरलेल्या वाटेने जाते. पहिला प्रश्न असतो, ही प्रथा त्या धर्माची 'अत्यावश्यक' प्रथा आहे का? नसेल तर संरक्षण नाही आणि विषय संपला. साथीच्या बंदीच्या बाबतीत ही वाट चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. मी वकील नाही, पण हा प्रश्न कुठून आला ते वाचलं आहे.

२ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले होते की, या देशात धर्माची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं व्यापते. म्हणून धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मुळातच धार्मिक असलेल्या विधींपुरती मर्यादित ठेवायला हवी. त्यांना वारसाहक्क, कुळकायदा अशा गोष्टी धर्माच्या नावाखाली कायद्याच्या हाताबाहेर जाऊ द्यायच्या नव्हत्या. त्यांचा प्रश्न होता, 'ही गोष्ट धार्मिक आहे की ऐहिक?' १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात न्यायालयाने धर्माचा आवश्यक भाग कोणता हे मुख्यतः त्या धर्माच्या शिकवणीवरूनच ठरवावं असं म्हटलं. इथवर ठीक होतं. त्याच वर्षी आपल्या मुंबई राज्याच्या विश्वस्त कायद्यावरचा रतिलाल गांधी खटला आला. त्यात एक अपील पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचं होतं. जैन किंवा पारशी धर्माने अमुक वेळी अमुक रीतीने विधी करावा असं सांगितलं असेल, तर त्यात पैसा खर्च होतो एवढ्यावरून तो ऐहिक व्यवहार ठरत नाही, असं न्यायालयाने तेव्हा बजावलं होतं.

पुढे प्रश्नाचा चेहरा हळूच पालटला. १९६१ च्या अजमेर दर्गा खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी असं मांडलं की, काही प्रथा अंधश्रद्धेतून उपजलेल्या आणि धर्माला नंतर चिकटलेल्या असू शकतात, म्हणून त्यांचा दावा बारकाईने तपासला पाहिजे. तेव्हापासून 'हे धार्मिक आहे का' याऐवजी 'याच्याविना धर्म टिकेल का' असं विचारलं जाऊ लागलं. पहिला प्रश्न न्यायाधीशाला झेपण्यासारखा आहे. दुसऱ्यासाठी धर्मपंडित व्हावं लागतं. ही कसोटी बरोबर की चूक, हे तपासण्याचं काम २०१९ मध्ये शबरीमला प्रकरणातून मोठ्या पीठाकडे सोपवलं गेलं. ते त्यांचं काम आहे, मी त्यात पडत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की आरोग्याच्या बंदीसाठी त्या प्रश्नाची मुळी गरजच नाही.

दोखमेनशिनीला ती कसोटी लावून पाहा. एकीकडे धर्मग्रंथांत प्रेताच्या अशुद्धीबद्दल आणि ते उघड्यावर ठेवण्याबद्दल सविस्तर नियम आहेत. दुसरीकडे इराणमधल्या झरतुष्ट्री लोकांनी विसाव्या शतकात दोखमे सोडले आणि ते दफन करू लागले. परदेशी राहणारे पारशी तिथल्या कायद्याप्रमाणे दहन किंवा दफन करतात. खुद्द मुंबईत गिधाडं गेल्यावर अनेक घरांनी दहन पत्करलं, आणि त्यांच्यासाठी २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृहही झालं. मग प्रथा अत्यावश्यक आहे का? एखादा हुशार सरकारी वकील तासाभरात 'नाही' सिद्ध करील आणि तितकाच हुशार दुसरा वकील 'आहे' सिद्ध करील. दोघेही खरं बोलत असतील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, काळाशी जुळवून घेणाऱ्या पारशाने पत्करलेली तडजोड त्याच्याच कर्मठ भावाच्या विरोधात पुरावा ठरेल. ज्या समाजाने थोडी लवचीकता दाखवली त्याचं संरक्षण कमी, आणि जो अडून बसला त्याचं जास्त. असं बक्षीस कोणतं सरकार जाणूनबुजून ठेवील?

आणि उत्तर मिळालं तरी त्याचा उपयोग काय? संविधानाच्या कलम २५ ची सुरुवातच 'सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीनतेने' अशी आहे. म्हणजे प्रथा धर्माचा प्राण असली तरी तिने लोक मरणार असतील तर ती थांबवता येते. उलट प्रथा धर्माच्या कडेकडेची असली आणि तिने कुणालाच काही होत नसेल, तर आरोग्याच्या नावाने ती थांबवण्याचं कारण उरत नाही. दोन्ही बाजूंनी निकाल धोक्यावरच ठरतो. अत्यावश्यकतेचा प्रश्न मधल्या मध्ये बसून नुसता वेळ खातो. त्याहून वाईट म्हणजे तो आरोग्य खात्याला पळवाट देतो. धर्मावर वाद रंगला की धोक्याचा पुरावा कुणी मागत नाही.

म्हणून त्या पारशी गृहस्थांनी मला विचारलेला प्रश्न आता, उशिरा का होईना, नीट सोडवतो. कोविडने गेलेला माणूस दोखम्यावर ठेवायचा तर धोका कुठे कुठे आहे?

पहिली जागा हॉस्पिटल ते डुंगरवाडी. तिथला धोका दहनाइतकाच, पिशवी तीच, गाडी तीच. दुसरी जागा अंघोळ आणि सदरा व कुस्ती, म्हणजे पारशांचा पवित्र अंगरखा आणि कमरेचा धागा, घालणं. इथे हात लागतो, प्रेत हलवलं की छातीतली हवा आणि स्राव बाहेर येऊ शकतात. हा खरा धोका आहे आणि तो विधीच्या याच टप्प्यापुरता आहे. तो टाळायचा तर अंघोळ बंद करावी किंवा पूर्ण पोशाख घातलेल्या माणसांनीच करावी. हिंदू आणि मुसलमान घरांनाही हेच लागू होतं आणि त्यांना ते लावलं गेलं होतं. तिसरी जागा दोखम्यावर पिशवी उघडणं. पिशवी बंद ठेवून ऊन लागत नाही, म्हणून ती उघडावीच लागते. धोका पुन्हा नस्सेसालारांना, आणि तो उघड्या हवेत, काही मिनिटांचा. मास्क, हातमोजे आणि पुढे लस आल्यावर लस, हे त्यावरचं उत्तर. तिथे गर्दी नसते, नातेवाईक दाराबाहेर असतात. खरं सांगायचं तर विद्युतदाहिनीबाहेरच्या रांगेत मी याहून कितीतरी जास्त धोका पाहिला. चौथी जागा पक्षी. कोंबड्या आणि बदकं यांच्यात हा विषाणू रुजत नाही, हे २०२० च्या पहिल्या काही महिन्यांतच प्रयोगांनी दाखवलं होतं. गिधाडांवर किंवा घारींवर ते प्रयोग नव्हते हे खरं, म्हणून शंकेचा फायदा सरकारला देऊ आणि जाळी बसवू. पाचवी जागा पाणी. हा रोग पिण्याच्या पाण्यातून पसरल्याचं दिसलेलं नाही. संपलं.

पाच जागा, त्यांतल्या दोन खऱ्या, आणि दोन्हींवर उपाय आरोग्य खात्याच्या गोदामातच होता. हा हिशेब मार्च २०२० मध्ये नाही तरी त्या वर्षाच्या अखेरीस कुणालाही मांडता आला असता. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच लिहिलं होतं की, संसर्गजन्य रोगाने गेलेल्याचं दहनच केलं पाहिजे ही गैरसमजूत आहे.

आता तुम्ही म्हणाल की हा पारशांची बाजू घेऊन बसला आहे. तर तोच दोखमा घ्या आणि फक्त रोग बदला. समजा माणूस अँथ्रॅक्सने गेला. अँथ्रॅक्सचे जंतू शरीरातल्या स्रावांबरोबर हवेच्या संपर्कात आले की त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत दशकानुदशकं जिवंत राहतात. म्हणूनच अँथ्रॅक्सने मेलेलं जनावर फाडू नका असं पशुवैद्यक बजावतात. तिथे प्रेत उघड्यावर ठेवणं म्हणजे रोगाची पेरणी, आणि पाणी भंडारातून बाहेर जात असेल तर आणखीच. त्या वेळी दोखमेनशिनी बंद करा. ती धर्माचा प्राण आहे असं पन्नास दस्तुरांनी, म्हणजे पारशी धर्मगुरूंनी, सांगितलं तरी बंद करा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. विधी तोच, धर्म तोच, ग्रंथही तेच, आणि उत्तर उलटं. अत्यावश्यकतेच्या कसोटीला हा फरक दिसणारच नाही.

मृतदेहापासून खरोखर पसरणाऱ्या रोगाचं उदाहरणही आपल्या काळातलंच आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला आला, तेव्हा प्रेताला अंघोळ घालण्याच्या प्रथेतून फार मोठा संसर्ग झाला. लायबेरियाने ऑगस्ट २०१४ मध्ये राजधानी मनरोव्हियात दहनाची सक्ती केली. दहन तिथल्या लोकांच्या रीतीत नव्हतं. काय झालं? लोकांनी आजारी माणसं घरात लपवली आणि रात्री गुपचूप पुरली. वर्षाअखेरीस सरकारने सक्ती मागे घेतली आणि नवी दफनभूमी उघडली. पोशाख घातलेलं पथक प्रेत हाताळेल, घरचे लोक अंतरावरून प्रार्थना करतील, अशी रीत बसली. धोका खरा असतानाही बंदी रुंद केली की रोग जमिनीखाली जातो, हे आरोग्य खात्याला धर्मस्वातंत्र्यासाठी नव्हे, रोग आटोक्यात ठेवण्यासाठी कळायला हवं. आपल्याला तर ते १८९७ मध्येच कळायला हवं होतं. प्लेगच्या झडत्यांच्या वेळी पुण्या-मुंबईत लोक रुग्ण आणि प्रेतं लपवू लागले होते. ज्या साथरोग कायद्याखाली त्या झडत्या झाल्या, तोच २०२० मध्ये तुम्ही पुन्हा काढलात. त्या कायद्यात नियमांना 'तात्पुरते' म्हटलं आहे. तो शब्द कुणी वाचला असेल का, अशी मला शंका आहे.

शेजारच्या श्रीलंकेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपली होऊ शकली असती. एप्रिल २०२० मध्ये तिथे कोविडच्या सगळ्या मृतदेहांचं दहन सक्तीचं झालं. भूजल दूषित होईल असं कारण दिलं. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबं न्यायालयात गेली, तर डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कारणंही न देता अर्ज फेटाळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये दफनाला परवानगी मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने माफी मागितली. मुंबई महापालिकेनेही ३० मार्च २०२० रोजी असंच सर्वांना दहन सांगणारं परिपत्रक काढलं होतं. ते काही तासांत मागे घेतलं गेलं, नंतर दफनासाठी वीस जागांची यादी निघाली. वांद्र्याच्या काही रहिवाशांनी त्या यादीला आव्हान दिलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये प्रेतापासून संसर्ग होतो याला पुरावा काय असं विचारून त्यांचा अर्ज फेटाळला. त्या निकालात दफन अत्यावश्यक प्रथा आहे का यावर काथ्याकूट नाही. प्रश्न रोगाचा होता आणि उत्तरही रोगाचंच दिलं गेलं. मुंबईकर म्हणून मला त्या निकालाचा अभिमान आहे. पण त्याच शहरात पारशांना मात्र सूरतच्या लोकांनी दिल्लीत लढेपर्यंत थांबावं लागलं.

आणि वारी? ते नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुढे जात नाही. २०२० मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, दिंड्या निघाल्या नाहीत. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. लाखो माणसं तीन आठवडे गावोगाव मुक्काम करत, एका पंगतीला जेवत, एका फडात झोपत चालतात, आणि रोग श्वासातून पसरतो. धोका माणसांच्या गर्दीत होता, पादुकांत नव्हता, आणि बंदीही गर्दीवर आली, पादुकांवर नाही. विधीचा जेवढा भाग धोकादायक तेवढाच थांबला. तेव्हा कुणी अभंग काढून 'देव घरबसल्या भेटतो, म्हणजे वारी अत्यावश्यक नाही' असं सरकारी प्रतिज्ञापत्रात लिहिलं असतं, तर वारकरी आणि सरकार दोघांचीही शोभा गेली असती. मात्र बाजार, कारखाने आणि दारूची दुकानं उघडली तेव्हा देवळं बंद ठेवण्याला तोच तर्क पुरत नव्हता. ऑगस्ट २०२० मध्ये पर्युषणासाठी मुंबईतली तीन जैन मंदिरं उघडायला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा सरन्यायाधीश बोबडे यांनी नेमक्या याच दुजाभावावर बोट ठेवलं होतं.

माझ्या म्हणण्यातला कच्चा दुवाही लपवत नाही. अत्यावश्यकतेची चाळणी काढली तर कोणीही उठून काहीही धर्म म्हणून सांगेल आणि सरकारला दर वेळी उत्तर देत बसावं लागेल, ही भीती खरी आहे. त्यासाठी डॉ. आंबेडकरांचा मूळ प्रश्न पुरेसा आहे, हे धार्मिक आहे की ऐहिक? तो उंबरठा ठेवा. त्याच्या पलीकडे धर्माच्या गाभाऱ्यात शिरू नका. दुसरी गोष्ट, साथीच्या पहिल्या महिन्यात कुणालाच काही माहीत नसतं. तेव्हा अंदाजाने बंदी घालावी लागते आणि ती घालण्याचा अधिकार मी नाकारत नाही. मार्च २०२० च्या सहीबद्दल मला कुणाला दोष द्यायचा नाही, माझ्या सहीलाही नाही. दोष जानेवारी २०२२ च्या प्रतिज्ञापत्राचा आहे. बावीस महिन्यांत जग शिकलं आणि एक कागद शिकला नाही.

तिसरी अडचण कायद्याची आहे. ४ फेब्रुवारी २०२२ चा आदेश संमतीचा आहे. दोन वकील एकत्र बसले, कार्यपद्धती ठरली, न्यायालयाने ती मान्य केली. 'आरोग्याच्या कारणाने विधी बंद करताना सरकारने काय दाखवलं पाहिजे' हे त्यात सांगितलेलं नाही, म्हणून पुढच्या साथीत तो दाखला म्हणून कमी पडेल. न्यायालयाने जे सांगितलं नाही, ते तुम्ही स्वतःच्या नियमांत लिहू शकता. त्यासाठी कुठल्या पीठाची वाट पाहायची गरज नाही.

माझी मागणी एका पानाची आहे. साथीच्या काळात कोणताही धार्मिक विधी थांबवणाऱ्या आदेशाला एक पान जोडणं सक्तीचं करा. त्यात रोग कसा पसरतो हे साध्या मराठीत असावं. विधी टप्प्याटप्प्याने मांडलेला असावा आणि तो त्या समाजातल्या माणसाकडून, नस्सेसालाराकडून किंवा कबर खोदणाऱ्याकडून, ऐकून लिहिलेला असावा, कारण पायऱ्या त्यांनाच माहीत असतात. त्यातल्या कोणत्या टप्प्यावर कोणाला धोका आहे आणि तो टप्पा बदलून काम भागतं का, हे लिहावं. भागत नसेल तरच बंदी. शेवटी आदेश आपोआप संपण्याची तारीख असावी, तीस दिवसांपुढची नको. वाढवायचा तर पान पुन्हा भरा, नव्या माहितीसह. 'ही प्रथा अत्यावश्यक आहे का' असा रकाना त्या पानावर नको.

आणि मृत्यूच्या पासाचा तो छापील अर्ज बदला. दहन, दफन, आणि तिसरा चौकोन 'इतर (सांगा)', पुढे दोन ओळी मोकळ्या. माझ्या जुन्या खात्यातले अर्ज अजून जुन्याच साच्यावर छापले जातात, परवाच पाहून आलो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य कर्मचारी